पाठीवर ‘मावशी’ लिहिलेले छायाचित्र

१९८७ साली मी एका संस्थेच्या संग्रहातील जुन्या छायाचित्रांची यादी करीत होते. कोणा जुन्या वाड्याच्या आवराआवरीत निघालेली एकशे चाळीस छायाचित्रे एका पत्र्याच्या पेटीतून आली होती. देणाऱ्याचे नाव होते, पण कोणत्या घरची, कोणी जमवलेली, याची नोंद कुणी ठेवली नव्हती. यादीच्या प्रत्येक ओळीत ‘विषय’ नावाचा एक रकाना होता आणि तो रिकामा सोडायचा नाही अशी वरिष्ठांची सूचना होती. त्यातल्या त्र्याहत्तराव्या चित्रापुढे मी लिहिले : ‘कलावंतीण, पुणे किंवा मुंबई, सु. १८७०.’

त्यानंतर एकोणतीस वर्षांनी वाईहून एक पंच्याहत्तरीचे गृहस्थ मला भेटायला आले. संस्थेने काढलेल्या एका पुस्तिकेत ते चित्र माझ्याच ओळीसकट छापले होते. त्यांनी पुस्तिका उघडून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, “बाई, ही आमच्या पणजीची धाकटी बहीण. खाली काय लिहिलंय ते तुम्हीच वाचा.”

मी वाचले. मग मला पहिला प्रश्न सुचला तो असा, की हे मी कशावरून लिहिले होते? उत्तर आठवेना. यादीत कारण लिहायला रकानाच नव्हता.

या लेखात सांगायचे आहे ते त्या चित्राविषयीच. ती बाई कोण हे मला आजही ठाऊक नाही, हे आधीच सांगते. पण जिचे नाव ठाऊक नाही अशा व्यक्तीचे वर्णन कसे करावे, हे मी निवृत्तीनंतर त्या एका चित्रावर शिकले. तोवर चाळीसेक वर्षे तेच काम पगार घेऊन केले होते, ही गोष्ट वेगळी.

चित्र काढून पुन्हा समोर ठेवले. जाड कागदाच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला पातळ कागद. पुठ्ठा अडीच इंच रुंद, चार इंच उंच. भेटीच्या कार्डाएवढी ही छायाचित्रे १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरीने पेटंट घेतल्यावर पुढच्या दहा वर्षांत जगभर गेली आणि मुंबईतही आली. चित्रात खुर्चीत बसलेली एक व्यक्ती. नऊवारी लुगडे, चोळी, डोक्यावरून पदर नाही, केस मागे बांधलेले. नाकात नथ, गळ्यात ठुशी, दोन्ही मनगटांत गोठ आणि पाटल्या. उजवा पाय लहान चौरंगावर. शेजारी टेबल, टेबलावर पानाचे तबक. नजर थेट कॅमेऱ्याकडे. कपाळावर कुंकू दिसत नाही. पुठ्ठ्याच्या पाठीवर शिसपेन्सिलीने मोडीत एकच शब्द : मावशी.

आता माझा तेव्हाचा विचार मला हळूहळू आठवू लागला. नथ आहे, म्हणजे विधवा नाही. कुंकू नाही, म्हणजे सवाष्णही नाही. डोक्यावर पदर नाही, नजर खाली नाही, शेजारी पानाचे तबक. आणि वर ‘मावशी’! तमाशाच्या गवळणीतली मावशी कुणाला ठाऊक नाही? सगळे कसे जुळून आले. त्या दिवशी मला माझ्या हुशारीचे कौतुकच वाटले असणार.

ही सवय मला एकटीला लागलेली नव्हती. छायाचित्र आपल्याकडे आले तेच मुळी माणसाला कोणत्यातरी खान्यात घालण्याच्या हौसेबरोबर. जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी संपादिलेला ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात लंडनमध्ये निघाला. त्यात साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत आणि प्रत्येकाखाली जातीचे, जमातीचे किंवा धंद्याचे नाव. सोबतच्या मजकुरात ती जमात प्रामाणिक की लबाड, शूर की आळशी, हेही सांगून टाकले आहे. चित्रात बसलेल्या माणसाचे स्वतःचे नाव क्वचितच भेटते. सर सय्यद अहमद खान १८६९ मध्ये मुलांसह लंडनला गेले होते, तेव्हा त्यांनी हा ग्रंथ इंडिया ऑफिसात पाहिला. तेथे एक तरुण इंग्रज आला, त्याने पाने चाळली आणि सर सय्यदांचा मुलगा महमूद याला विचारले, तू हिंदुस्थानी आहेस का? महमूदने होकार दिला, पण त्याचा चेहरा लाल झाला आणि आपण या देशाच्या मूळ रहिवाशांपैकी नाही, असे त्याने घाईघाईने जोडले. सर सय्यदांनी हा प्रसंग पत्रात लिहून ठेवला आहे. त्यात मला दोन गोष्टी दिसतात. चित्राखालच्या ओळीने महमूदचा अपमान झाला ही एक. आणि तो अपमान चुकवण्यासाठी त्याने चित्रातल्या दुसऱ्या माणसांना पुढे केले, ही दुसरी.

ही दुसरी गोष्ट वाईच्या गृहस्थांशी बोलताना माझ्या मनात सारखी होती. त्यांचा राग ‘कलावंतीण’ या शब्दावर होता. माझी चूक तो शब्द हलका होता म्हणून झालेली नाही. ती बाई खरोखर गाणारी, नाचणारी असती आणि मी लाजेपोटी ‘कुलीन स्त्री’ लिहिले असते तर तोही तेवढाच अन्याय होता. गाणाऱ्या बायकांची नावे अशाच सभ्य खोडाखोडीने पुसली गेली आहेत. माझी चूक एवढीच की जे चित्रात नव्हते ते मी चित्रात आहे असे लिहिले. आणि ते लिहिणे पेटीत राहिले नाही. मधल्या काळात एका अभ्यासकाने जुन्या गायिकांवरील लेखात ते चित्र नमुना म्हणून वापरले होते. त्याने संस्थेच्या यादीचा हवाला दिला होता. म्हणजे माझा अंदाज त्याचा पुरावा झाला होता.

म्हणून एकेक धागा पुन्हा तपासायला घेतला. सुरुवात कुंकवापासून केली, कारण माझा सगळा डोलारा त्यावर होता.

दहा पटींच्या भिंगाखाली पाहिले तर कागदाचे तंतू दिसत होते आणि पांढरे भाग पिवळट झाले होते. म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावरची ही प्रत. नंतरच्या जिलेटिनच्या कागदांत तंतूंवर पांढरा मुलामा असतो, त्यामुळे तंतू दिसत नाहीत. पुठ्ठा पातळ, कोपरे चौकोनी, कडेला दोन बारीक रेघा. नंतरचे पुठ्ठे जाड आणि गोल कोपऱ्यांचे होत गेले. यावरून १८६० चे दशक किंवा १८७० च्या दशकाचा आरंभ म्हणता येतो. यापेक्षा नेमके साल सांगता येत नाही, कारण स्टुडिओवाल्याकडे जुने पुठ्ठे शिल्लक असले तर तो तेच वापरत राही. आता, त्या काळी चित्र घेतले जाई ते ओल्या कलोडियनच्या काचेवर. त्या काचेला निळा आणि जांभळा प्रकाश चांगला कळे, पिवळा फार थोडा आणि तांबडा जवळजवळ नाहीच. त्यामुळे निळे लुगडे चित्रात पांढुरके उतरते आणि तांबडे लुगडे काळे. सावळा चेहरा असतो त्याहून काळा दिसतो. आणि तांबडे कुंकू? तेही काळेच. गोऱ्या कपाळावर ते ठिपक्यासारखे उठून दिसेल. पण कपाळच जर चित्रात गडद आले असेल, तर गडदावर गडद; कुंकू त्यात विरून जाऊ शकते. त्यातून प्रत फिकी पडलेली, आणि चेहरा नितळ दिसावा म्हणून स्टुडिओवाला काचेवर पेन्सिल चालवत असे ते निराळेच.

त्याच पेटीत, त्याच प्रकारच्या पुठ्ठ्यावर दुसऱ्या एका स्त्रीचे चित्र होते. तिच्याही कपाळावर मला आधी काही दिसले नव्हते. प्रत तिरप्या उजेडात धरून भिंग फिरवले तेव्हा दोन भुवयांच्या वर एक आडवी, जेमतेम ओळखू येणारी पट्टी दिसली. आमच्या त्र्याहत्तर क्रमांकावर तशी पट्टी सापडली नाही. म्हणून ‘कुंकू होते’ असे मी म्हणू शकत नाही. ‘कुंकू नव्हते’ असेही म्हणू शकत नाही. म्हणता येते ते एवढेच की या प्रतीत ते दिसत नाही. ‘या प्रतीत’ हे दोन शब्द मी १९८७ साली लिहिले असते तर बराच घोळ टळला असता. याच कारणाने ‘सावळी’ आणि ‘काळे लुगडे’ हे शब्दही काढले. चित्राला रंग ठाऊकच नव्हते. लुगडे ‘गडद उतरलेले’ एवढेच खरे.

मग पानाचे तबक. पेटीतली सगळी चित्रे ओळीने मांडली आणि माणसांकडे न पाहता फक्त सामान पाहिले. ही युक्ती मला फार उशिरा कळली. चेहरा दिसला की डोळा तिथेच अडकतो. अकराव्या चित्रात पगडी घातलेले एक वृद्ध बसले होते, त्यांच्या शेजारी तेच टेबल. तीच झालर लावलेली चादर, झालरीचा तोच फाटका कोपरा, आणि तेच तबक. चाळिसाव्या चित्रात दोन मुलगे, मागे तेच टेबल, त्यावर तबकाऐवजी पुस्तक. म्हणजे तबक स्टुडिओचे, टेबल स्टुडिओचे. चौरंगही बहुधा त्याचाच. त्या बाईच्या आयुष्याशी तबकाचा संबंध त्या काही सेकंदांपुरता. त्या मुलांपुढच्या पुस्तकावरून मी त्यांना ‘विद्यार्थी’ लिहिले होते, तेही याच सपाट्यात गेले.

आजूबाजूचे पाहून माणूस ओळखावा, हा सल्ला साधारणपणे चांगला आहे. पण आजूबाजूचे कुठून आले ते आधी विचारावे लागते. मुंबईच्या विल्यम जॉन्सनचे उदाहरण याबाबतीत बोलके आहे. त्याने ‘द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंडांत काढला. त्यात मुंबईतील निरनिराळ्या लोकांचे गट मुंबईच्याच ओळखीच्या जागी उभे दिसतात. पण ती माणसे तिथे उभी नव्हती. माणसांची काच वेगळी, जागेची काच वेगळी, आणि दोन्ही जोडून एक चित्र केलेले. नीट पाहिले तर माणसांच्या कडा कापल्यासारख्या दिसतात, पायांची सावली जमिनीशी जुळत नाही, आणि माणसांवरचा उजेड एकीकडून तर देखाव्यावरचा दुसरीकडून येतो. अशा चित्राखाली ‘समुद्रकिनारी उभे असलेले व्यापारी’ असे लिहिणे म्हणजे दोनदा फसणे. किनारा त्यांचा नाही. आणि व्यापारी हा शब्दही जॉन्सनने छापलेला, आपण पाहिलेला नव्हे.

नजरेची गोष्ट त्यामानाने सोपी निघाली. बाईच्या खुर्चीमागे जमिनीवर लोखंडी बैठकीचा अर्धगोल दिसतो. डोके हलू नये म्हणून मागे जो दांडा उभा करीत त्याची ही बैठक. काही सेकंद पापणीही न हलवता बसायचे, छायाचित्रकार सांगेल तिकडे पाहायचे. त्यातून धीटपणा किंवा लाज काढणे म्हणजे दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसलेल्या माणसाला बडबड्या म्हणण्यासारखे आहे. चौरंगावरचा पाय आणि उघडे डोके यांविषयी मात्र मला काही ठोस सांगता आले नाही. डोक्यावर पदर कोणत्या घरात, कोणत्या वयात, कोणासमोर घेत, याची एकच रीत नव्हती. म्हणून ‘डोक्यावर पदर नाही’ हे वाक्य वर्णनात राहिले, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष गेला.

एक शब्द राहिला होता आणि तो सर्वांत अवघड ठरला : स्त्री. वाचक हसतील. पण जिथे बालगंधर्वांची नऊवारीतली छायाचित्रे घरोघर भिंतीवर होती, त्या प्रांतात हा प्रश्न अगदीच पोरकट नाही. नाटकमंडळ्यांतल्या स्त्रीवेशातील पुरुषांची छायाचित्रे ‘अज्ञात स्त्री’ म्हणून नोंदवलेली मी पाहिली आहेत. पाठीवर ‘मावशी’ लिहिलेले असल्यामुळे मी इथे ‘स्त्री’ हा शब्द ठेवला, पण तो कशावर ठेवला आहे तेही लिहिले : वेश आणि पाठीवरचा शब्द.

त्या शब्दाचे तरी काय करायचे? मोडी अक्षर स्पष्ट होते, वाचनाची शंका नव्हती. शंका वेगळीच होती. नाव कोणाचे ते सांगता येते, पण मावशी हे नाव नव्हे, नाते आहे. कोणाची मावशी? लिहिणाऱ्याची, एवढे म्हणावेसे वाटते. पण शिसपेन्सिल केव्हा चालवली ते चित्रावरून कळत नाही. चित्र काढल्याच्या दिवशी किंवा पन्नास वर्षांनी. हे चित्र ‘मावशीचे’ असेल, किंवा ‘मावशीला द्यायचे’ असेल. घरात वाटायला आणलेल्या प्रतींवर कोणाकडे कोणती जायची ते लिहिण्याची रीत आपल्याकडे लग्नाच्या आल्बमपर्यंत टिकली आहे. मला मात्र १९८७ साली मावशी म्हटल्यावर फक्त तमाशाच आठवला. घरातली मावशी आठवली नाही, आणि माझ्या स्वतःच्या चार मावश्या होत्या.

इथवर गृहस्थांना आनंद झाला होता. ‘कलावंतीण’ हा शब्द जाणार हे त्यांना कळले होते. आता त्याच्या जागी त्यांच्या घरातले नाव यावे, एवढेच राहिले होते. ते पुन्हा आले तेव्हा सोबत एक चित्र घेऊन आले. मोठ्या पुठ्ठ्यावरचे, सव्वाचार इंच बाय साडेसहा इंच, सोनेरी कडेचे, पंचवीसेक वर्षांनंतरचे असावे. त्यात एक वयस्क स्त्री. ही ती बहीण, असे त्यांच्या आईने सांगितलेले. आई हयात नाही. चित्रावर काही लिहिलेले नाही.

दोन्ही चित्रे शेजारी ठेवली. खरेच सारखी दिसत होती. मला इतकी सारखी दिसली की मीच सावध झाले.

कारण सारखेपणा शोधणाऱ्याला तो सापडतोच. नानासाहेब पेशव्यांच्या शोधाची हकीगत याबाबतीत आठवण्यासारखी आहे. कानपूरच्या घटनांनंतर इंग्रज सरकारने त्यांना पकडून देणाऱ्यास एक लाख रुपयांचे इनाम लावले आणि वय, उंची, बांधा, चेहऱ्याची ठेवण असा हुलिया सर्वत्र फिरवला. पण लोकांना चेहरा हवा होता. लंडनच्या सचित्र पत्रात नानासाहेबांचे म्हणून जे चित्र छापले गेले ते मुळात मेरठच्या एका सावकाराचे होते, असा आक्षेप पुढे घेतला गेला. एका श्रीमंत, दागिने घातलेल्या हिंदी माणसाचे तयार चित्र हाताशी होते, नाव चिकटायला तेवढे पुरले. आणि हुलियाचे म्हणाल, तर मध्यम वयाचा, मजबूत बांध्याचा, गोरासा मराठा ब्राह्मण, एवढ्या वर्णनात बसणारे किती असतील! पुढची अनेक वर्षे कुठे ना कुठे कोणी बैरागी, कोणी फकीर ‘नानासाहेब’ म्हणून धरला जात राहिला.

त्यातले १८७४ चे प्रकरण सर्वांत गाजले. ग्वाल्हेरीस जयाजीराव शिंद्यांनी एका माणसाला नानासाहेब म्हणून पकडून इंग्रजांच्या स्वाधीन केले. त्याला कानपूरला नेले. ओळख पटली असती तर त्याचे काय झाले असते हे सांगायला नको. तिथे त्याला पाहायला बोलावलेल्यांत कानपूरच्या वेढ्यातून वाचलेल्या मूठभरांपैकी मोब्रे थॉमसन होते, आणि पूर्वी कानपूरला सिव्हिल सर्जन असलेले डॉ. ट्रेसिडर होते. हे दोघे नानासाहेबांना प्रत्यक्ष ओळखणारे. हा तो माणूस नव्हे, असाच निर्वाळा मिळाला. मला यातले महत्त्वाचे वाटते ते असे की त्या माणसाला वाचवणारी ओळख चित्रातून किंवा हुलियातून आली नाही. खऱ्या माणसाला जवळून पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती, म्हणून तो वाचला. आमच्या त्र्याहत्तराव्या चित्रासाठी तसे कोणी उरलेले नाही.

तरी करता येते तेवढे केले. वयाने नाक लांबते, गाल उतरतात, केस विरळ होतात, म्हणून त्या खुणा सोडल्या. कानाची घडण त्यामानाने कमी बदलते. वरची पाळ, आतला कंगोरा, खालची पाळ गालाला चिकटलेली की सुटी, हे पाहतात. लहान चित्रात डावा कान केसांखाली अर्धा झाकलेला, उजवा दिसतच नाही. मोठ्या चित्रात डावा कान पूर्ण दिसतो, पण खालची पाळ दागिन्यांच्या ओझ्याने ओघळलेली. जेवढा भाग दोन्हीकडे दिसतो तेवढ्यात विसंगती नाही. विसंगती नसणे म्हणजे ओळख पटणे नव्हे. विसंगती असती तर ‘नाही’ म्हणता आले असते. ‘होय’ म्हणण्यासाठी चित्राबाहेरचा पुरावा लागतो. पेटी कोणत्या घरातून निघाली याचा कागद, त्याच स्टुडिओचे वाईच्या घरात असलेले दुसरे चित्र, किंवा पाठीवरच्या पेन्सिलीशी जुळणारे हस्ताक्षर. आम्ही तिन्ही शोधले. पेटी देणाऱ्याच्या घरी आता कोणी राहत नव्हते. वाईच्या चित्रांत ते टेबल, ती झालर कुठे नव्हती. त्यांच्या पणजीच्या हातचे मोडी कागद दोन होते, पण एका शब्दावरून हस्ताक्षर जुळवण्याचे धाडस मी करणार नव्हते. शिवाय सख्ख्या बहिणी, चुलत बहिणी, आत्या आणि भाच्या एकमेकींसारख्या दिसतातच. मोठे चित्र त्याच घरातल्या दुसऱ्या कोणाचे असेल तरी एवढे साम्य निघाले असते.

मी त्यांना सांगितले की नाव लिहिता येणार नाही.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तेव्हा तुम्ही कुणाला न विचारता लिहिलंत. आता मी स्वतः येऊन सांगतोय तर लिहीत नाही.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. त्यांचे म्हणणे न्यायाचे होते. त्यावर मी एवढेच केले, की त्यांचे सांगणे नोंदीत घेतले, पण वेगळ्या जागी, त्यांचे सांगणे म्हणून. नवी नोंद झाली ती अशी :

‘खुर्चीत बसलेली प्रौढ स्त्री (वेश व पाठीवरील शब्द यांवरून), पूर्णाकृती, नजर कॅमेऱ्याकडे. गडद उतरलेले नऊवारी लुगडे, चोळी. डोक्यावर पदर नाही. नथ, ठुशी, गोठ, पाटल्या. कपाळावरील खूण या प्रतीत दिसत नाही. उजवा पाय चौरंगावर. शेजारी टेबल व पानाचे तबक. हेच सामान याच पेटीतील क्र. ११ मध्ये, टेबल क्र. ४० मध्येही, म्हणून स्टुडिओचे. पाठीवर शिसपेन्सिलीने मोडीत “मावशी”. लिहिणारा व काळ अज्ञात. कागद व पुठ्ठ्यावरून अंदाजे १८६०–१८७५. स्थळ अज्ञात. व्यक्तीची ओळख पटलेली नाही. वाई येथील एका कुटुंबाच्या मते ही त्यांच्या घरातील पूर्वज. आधार तोंडी माहिती व दुसऱ्या छायाचित्राशी साम्य. कुटुंबाने सांगितलेले नाव स्वतंत्र पत्रात. १९८७ च्या यादीतील “कलावंतीण” ही नोंद यादीकाराचा अंदाज होती, तिला आधार आढळला नाही.’

शेवटचे वाक्य गाळावे, जुनी चूक उगाच कशाला मिरवायची, असे संस्थेतल्या एकाने सुचवले. ते ठेवण्याचा मी आग्रह धरला. जुना शब्द त्या लेखात छापलेला आहे. उद्या तो वाचून कोणी यादीपाशी आला तर तो शब्द कुठे गेला आणि का, हे त्याला इथेच कळले पाहिजे. त्या अभ्यासकालाही पत्र पाठवले. त्याने उत्तरी कळवले की पुढच्या आवृत्तीत ते चित्र काढीन. काढू नका, ओळ तेवढी बदला, असे मी पुन्हा लिहिले. त्याचे उत्तर आले नाही.

वाईच्या गृहस्थांना त्या चित्राची एक प्रत हवी होती. संस्थेने ती करून दिली. त्यांनी ती तिथेच माझ्या टेबलावर उलटी ठेवली, खिशातून पेन काढले आणि पाठीवर नाव लिहिले. त्याखाली ‘आईने सांगितल्याप्रमाणे’ असे लिहिले, आणि त्याखाली स्वतःची सही आणि तारीख.